एकसुरातले अभिवादन आणि एकट्याचे अभिवादन: प्राथमिक शाळेच्या परिपाठातील एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेतील आहे. पहिली ते चौथी, प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या, २३६ मुले, आठ वर्गशिक्षक आणि एक मुख्याध्यापिका असा या शाळेचा विस्तार होता. मी तेव्हा तिसरीची वर्गशिक्षिका होते आणि त्या वर्षी परिपाठाची जबाबदारी माझ्याकडे होती. ओळख पटू नये म्हणून शाळेचे, गावाचे आणि व्यक्तींचे तपशील वगळले आहेत. घडलेल्या गोष्टींचा क्रम मात्र जसा होता तसाच ठेवला आहे.

परिपाठ साधारण पंचवीस मिनिटांचा असे. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या हे नेहमीचे घटक होते आणि त्यांच्या आधी अभिवादन होई. मुख्याध्यापिका पायरीवर येऊन उभ्या राहिल्या, की परिपाठ घेणारा विद्यार्थी हाताने खूण करी आणि सगळी मुले एका सुरात ‘सुऽप्रभाऽत बाऽई’ असे म्हणत. त्याला ठरलेली चाल होती. ‘प्रभात’मधला ‘भा’ लांबवायचा आणि ‘बाई’वर सूर खाली आणायचा हे पहिलीतली मुले आठवड्याभरात, कोणी न शिकवता, ऐकून उचलत. ऐकायला ते छान वाटे आणि या शाळेतील मुलांना अभिवादन उत्तम येते, असा आम्हा सर्वांचा समज होता.

अडचण कशी लक्षात आली

एके दिवशी परिपाठाला एक पाहुणे आले होते. त्यांनी हात जोडले आणि ‘नमस्कार, मुलांनो’ असे म्हटले. क्षणभर शांतता पसरली, आणि मग सर्व मुलांनी नेहमीच्या चालीत खणखणीत उत्तर दिले: ‘सुप्रभात, बाई.’ पाहुणे पुरुष होते. ते मोठ्या मनाने हसले आणि पुढे बोलू लागले. आम्ही शिक्षक मात्र ओशाळलो.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत जी चर्चा झाली, तिचा सूर मुलांना दोष देणारा होता. मुलांचे लक्ष नसते, घरी शिकवत नाहीत, उद्यापासून ‘सर’ आणि ‘बाई’ यांचा फरक पाठ करून घेऊ या, अशी वाक्ये बोलली गेली. मलाही तेव्हा तेच पटले होते. माझे मत बदलले ते त्याच दुपारी. दुसरीतली एक मुलगी पाण्याच्या टाकीपाशी माझ्यासमोर आली, थबकली, खाली बघितले आणि भिंतीला चिकटून निघून गेली. सकाळी रांगेत पुढे उभी राहून सर्वांत मोठ्याने ‘सुप्रभात’ म्हणणारी हीच मुलगी होती. तिला शब्द येत नव्हते असे नाही. पण त्या शब्दांचा आणि समोर आलेल्या माणसाचा काही संबंध असतो, हे तिला आमच्याकडून कधी कळलेच नव्हते.

पाहुण्यांना मिळालेले उत्तरही मग वेगळे दिसू लागले. लहान मूल ठरीव बोल अखंड तुकडा म्हणून शिकते. ‘सुप्रभातबाई’ हा आमच्या मुलांसाठी एकच शब्द होता. त्यातले ‘बाई’ हे समोरच्या व्यक्तीचे संबोधन आहे आणि व्यक्ती बदलली की ते बदलते, ही फोड त्यांनी केलेली नव्हती. ती करण्याची वेळ त्यांच्यावर आम्ही कधी आणलीही नव्हती, कारण पायरीवर रोज बाईच उभ्या असत.

मोजून पाहिले तेव्हा

दुसरीच्या एका शिक्षिका आणि मी असे दोघींनी पाच दिवस नोंद ठेवायचे ठरवले. परिपाठापूर्वीची वीस मिनिटे, एक जण फाटकापाशी आणि एक जण वर्गांपुढच्या व्हरांड्यात. मूल आणि मोठे माणूस समोरासमोर आले की ती एक भेट धरायची, आणि आधी कोण बोलले, काय बोलले, उत्तर मिळाले का, एवढेच वहीत लिहायचे. नुसते हसणे हे अभिवादन धरायचे की नाही, यावर पहिल्याच दिवशी आमची नोंद जुळेना. म्हणून शब्द किंवा स्पष्ट खूण, म्हणजे हात जोडणे अथवा हात वर करणे, एवढेच मोजायचे असे ठरले.

पाच दिवसांत १६४ भेटी नोंदल्या गेल्या. त्यांपैकी १९ वेळा मुलाने आधी अभिवादन केले, २४ वेळा मोठ्या माणसाने केले आणि उरलेल्या १२१ भेटींत दोघेही काही न बोलता पुढे गेले. आम्हाला अस्वस्थ करणारा आकडा त्याच्या पुढचा होता. ज्या १९ मुलांनी आपण होऊन अभिवादन केले, त्यांतील फक्त ७ जणांना शब्दांत उत्तर मिळाले. बाकीच्यांना ‘हं’, ‘चल, रांगेत जा’, ‘दप्तर नीट घे’ असे काहीतरी ऐकायला मिळाले किंवा काहीच मिळाले नाही. ‘दप्तर नीट घे’ म्हणणारी एकदा मीच होते, आणि ते माझ्या सहकारी बाईंच्या वहीत लिहिलेले आहे.

अभिवादन ही दोन भागांची गोष्ट असते. एकाने म्हटले की दुसऱ्याचे म्हणणे अपेक्षित असते आणि ते आले नाही, तर पहिल्याला काहीतरी चुकल्यासारखे वाटते. मोठ्या माणसाला वाटते, समोरचा घाईत असेल. सहा वर्षांच्या मुलाला असे कारण सुचत नाही. त्याचा निष्कर्ष सोपा असतो, की हे इथे म्हणायचे नसते. शिवाय परिपाठातल्या एकसुरी अभिवादनालाही मुख्याध्यापिका मान हलवून पुढच्या सूचनेकडे वळत. म्हणजे मुलांना दिवसातून एकदा जे अभिवादन आम्ही आवर्जून करायला लावत होतो, तेही उत्तराविनाच संपत होते.

विचारात घेतलेले पर्याय

ही वही घेऊन मी शिक्षकसभेत गेले. तिथे पुढे आलेला पहिला पर्याय सर्वांत सोपा होता: एकसुरी अभिवादन तसेच ठेवायचे आणि ‘बाई’, ‘सर’, ‘पाहुणे’ यांसाठी तीन वेगळी वाक्ये पाठ करून घ्यायची. हा पर्याय मला मान्य नव्हता. एका तुकड्याऐवजी तीन तुकडे पाठ झाले असते आणि कोणता केव्हा म्हणायचा हे परिपाठ घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या खुणेवर ठरले असते.

दुसरा पर्याय, परिपाठातले अभिवादन बंद करून ते वर्गाच्या दारात न्यायचे, हा मी मांडला होता. प्रत्येक वर्गशिक्षकाने दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येक मुलाचे नाव घेऊन अभिवादन करायचे आणि मुलाने उत्तर द्यायचे. तिशीच्या वर्गाला याला तीन-चार मिनिटे लागतात. मी याच्या बाजूने बरेच बोलले.

त्यावर आमच्या सर्वांत ज्येष्ठ बाईंनी जे सांगितले, ते मी येथे मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण पुढे त्याच बरोबर ठरल्या. त्यांचे म्हणणे असे, की एकसुरी म्हणण्यात नवे मूल, लाजरे मूल, ज्याच्या घरी दुसरी भाषा बोलतात असे मूल सुरक्षित असते. चुकले तरी कोणाला कळत नाही आणि दहा दिवसांत ते बरोबर म्हणू लागते. तो आसरा एकदम काढून घेतला, तर बोलकी मुले आणखी बोलकी होतील आणि गप्प मुले उघडी पडतील. सभेने यावरून मधला मार्ग निवडला. परिपाठात एकत्र अभिवादन राहील, पण त्याला प्रत्येक वेळी खरे उत्तर दिले जाईल. त्यानंतर दोन मिनिटे मुले एकमेकांना अभिवादन करतील. आणि वर्गाच्या दारातले अभिवादन वर्गशिक्षक करतील.

शब्द कोणते शिकवायचे

कोणते शब्द शिकवायचे, यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला आणि तो वाया गेला असे मला वाटत नाही. ‘सुप्रभात’ हा शब्द चुकीचा नाही, परंतु मुलांनी तो घरात किंवा रस्त्यावर कोणाच्या तोंडून ऐकलेला नसतो. फळ्यावर आणि परिपाठात तेवढा तो भेटतो. शिवाय तो वेळेला बांधलेला आहे. दुपारी भेटलेल्या शिक्षकांना काय म्हणायचे हे मुलांना त्यातून कळत नाही, त्यामुळे दुपारी ती गप्प राहतात. ‘नमस्कार’ कोणत्याही वेळी चालतो, तो मुलांनी ऐकलेला असतो आणि शब्द सुचला नाही तर हात जोडूनही पुरा होतो. म्हणून मोठ्यांसाठी ‘नमस्कार’ आणि त्याला जोडून संबोधन, असे ठरले.

मुलांनी एकमेकांना काय म्हणायचे, हा प्रश्न अधिक अवघड निघाला. आमच्यापैकी काहींनी मुलांनीही एकमेकांना ‘नमस्कार’ म्हणावे असा आग्रह धरला. पण आठ वर्षांची दोन मुले एकमेकांना भेटल्यावर नमस्कार म्हणत नाहीत. मराठीत बरोबरीच्या माणसाचे स्वागत बहुतेक वेळा प्रश्नाने होते: ‘काय रे, आलास?’, ‘कधी आलीस?’, ‘काल का नव्हतास?’ यांतल्या प्रश्नाला माहिती नको असते. समोरचा आलेला तर दिसतच असतो. तू आल्याचे मी पाहिले, एवढेच त्यातून सांगायचे असते. हेच परिपाठात आणायचे असे आम्ही ठरवले आणि नियम एकच ठेवला, की आधी नाव घ्यायचे. ‘ए’, ‘ओय’ किंवा चिडवायचे नाव चालणार नाही. पुढचे वाक्य मुलांनी आपले आपण जुळवावे.

संबोधनांमध्ये ‘तू’ आणि ‘तुम्ही’चा पेच आला तो शाळेची साफसफाई पाहणाऱ्या मावशींमुळे. मुले शिक्षकांना ‘तुम्ही’ म्हणत, मावशींना मात्र सर्रास ‘तू’ म्हणत. काही शिक्षकांना हा अनादर वाटला, तर काहींचे म्हणणे असे, की घरी सख्ख्या मावशीला ‘तू’च म्हणतात, त्यात आपुलकी आहे. आम्ही बराच वाद घातला आणि मग मावशींनाच विचारले. त्या म्हणाल्या, ‘लहान पोरांनी तू म्हटलेलं मला गोड वाटतं, पण चौथीची पोरं ए मावशी, इथं सांडलंय, असं ओरडतात ते नको वाटतं.’ त्यांच्या या उत्तराने आमचा वाद मिटला. तिसरी-चौथीला ‘नमस्कार मावशी’ आणि ‘तुम्ही’ शिकवायचे. पहिली-दुसरीतल्या मुलाने ‘मावशी, तू आलीस?’ म्हटले तर त्याला मध्येच अडवायचे नाही. आपण स्वतः त्यांच्याशी ‘तुम्ही’ने बोलायचे, म्हणजे ते मुलांच्या कानावर पडत राहील. अभिवादन कोणाला करायचे या यादीत फक्त शिक्षकांची नावे असती, तर मावशींचा विषय निघालाच नसता, हेही मला तेव्हा जाणवले.

प्रत्यक्ष काय केले

पहिली आणि दुसरीत भाषेच्या तासाला आठवड्यातून दोनदा दहा मिनिटे सराव घेतला. शिक्षक आणि एक मूल आधी करून दाखवत, मग दोन मुले वर्गासमोर करत, मग सगळी मुले जोडीने करत. आणि शेवटी, जे बहुधा राहून जाते ते, म्हणजे खऱ्या जागी. चार-चार मुलांना व्हरांड्यात पाठवायचे आणि तिथून खरोखरच कोणीतरी शिक्षक चालत यायचे. वर्गात बरोबर म्हणणारी मुले व्हरांड्यात गप्प होत, म्हणून हा शेवटचा टप्पा वगळू नये. मुलांच्या बरोबरीने शिक्षकांनाही एक काम होते: उत्तर देताना मुलाचे नाव घ्यायचे. सगळ्यांना सगळी नावे माहीत नसल्यामुळे पहिले पंधरा दिवस मुलांनी छातीवर नावाच्या चिठ्ठ्या लावल्या.

सरावात आमची एक सवय उघड झाली. मूल समोर आले की आम्ही लगेच ‘काय म्हणायचं?’ असे विचारत असू. मोठ्यांची ही खोड जुनी आणि सर्वत्र आढळणारी आहे. एस्थर ग्रीफ आणि जीन बर्को ग्लीसन यांनी १९८० मध्ये लहान मुले आणि त्यांचे पालक यांच्यावर केलेल्या अभ्यासात मुले आपण होऊन आभार क्वचितच मानत, मात्र पालक त्यांना ते म्हणायला पुन्हापुन्हा सांगत, असे दिसले होते. सुरुवातीला अशी आठवण उपयोगी असते, कारण त्यातूनच मुलाला कळते की येथे काहीतरी म्हणायचे असते. पण ती थांबली नाही तर मुलाच्या लेखी अभिवादनाची सुरुवात समोरच्या माणसाने होत नाही, त्या प्रश्नाने होते. दुसरीतली काही मुले समोर येऊन चक्क उभी राहत आणि आमच्या तोंडाकडे पाहत ‘काय म्हणायचं?’ची वाट पाहत.

यावर उपाय म्हणून आम्ही थांबायला शिकलो. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतील संवाद तपासताना पाहिले होते, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात आणि तीन सेकंद थांबले तर न बोलणारी मुलेही बोलू लागतात. तो अभ्यास प्रश्नोत्तरांचा होता, अभिवादनाचा नव्हता. पण आम्ही तेच केले. मुलाकडे बघायचे, मनात तीनपर्यंत मोजायचे, आणि तरीही काही आले नाही तर ‘काय म्हणायचं?’ न विचारता आपणच ‘नमस्कार’ म्हणून त्याचे नाव घ्यायचे. तीन सेकंद फार मोठे वाटतात. पहिल्या आठवड्यात आम्हा शिक्षकांनाच ते जमेना.

परिपाठातली दोन मिनिटे पहिल्या आठवड्यात पाच-सहा मिनिटांवर गेली. मुले हस्तांदोलन करू लागली आणि त्याचे रूपांतर हात ओढण्यात झाले. काही मुलींना हात द्यायचा नव्हता, त्यांचा हात धरला गेला. तेव्हा हात लावायचा नाही, असा नियम लगेच केला. दुसरी अडचण रांगांची होती. मुलांची रांग वेगळी, मुलींची वेगळी आणि दोन्ही उंचीप्रमाणे. त्यामुळे रोज तीच दोन मुले शेजारी येत आणि तेच वाक्य म्हणत. आम्ही रोज प्रत्येक रांगेतल्या पहिल्या मुलाला शेवटी पाठवू लागलो आणि दोन रांगांनी एकमेकांकडे तोंड करून उभे राहायचे ठरवले. एवढ्याने जोड्या रोज बदलत नाहीत, कारण दोन्ही रांगा सारख्याच सरकतात. हे तिसऱ्या दिवशी ध्यानात आले. एकच रांग सरकवायची, दुसरी जागेवर ठेवायची, असे केल्यावर जोड्या बदलू लागल्या.

एका वर्गात शिक्षकांनी उत्साहाने अभिवादनाला तारे द्यायला सुरुवात केली. आठ दिवसांत असे झाले, की मुले त्याच बाईंना सकाळी चारदा नमस्कार करत आणि तारे न देणाऱ्या मावशींपुढून गप्प जात. तारे बंद केले तेव्हा त्या वर्गातले अभिवादन आधीपेक्षाही खाली गेले आणि पूर्ववत व्हायला तीन आठवडे लागले.

जिथे आमचे चुकले

या प्रकरणातली माझी सर्वांत मोठी चूक आता सांगते. एकत्र अभिवादनाची सुरुवात करणारा विद्यार्थी रोज बदलावा, सर्वांना संधी मिळावी, म्हणून मी हजेरीपटाप्रमाणे यादी लावली. पायरीवर उभे राहून एकट्याने ‘नमस्कार, सर्वांना’ म्हणायचे आणि मग सर्वांनी उत्तर द्यायचे.

पाचव्या आठवड्यात चौथीतल्या एका मुलाची पाळी आली. तो अभ्यासात चांगला, प्रार्थना आणि प्रतिज्ञा खड्या आवाजात म्हणणारा मुलगा होता. तो पायरीवर आला आणि ‘न’वर अडला. ओठ आणि मान ताणली गेली, आवाज बाहेर येईना. मी पायरीखालून म्हटले, ‘घाबरू नकोस, श्वास घे, हळू बोल.’ तो पुन्हा अडला. मागच्या रांगांतून हसू आले. शेवटी मीच त्याच्या वतीने ‘नमस्कार’ म्हटले आणि तो खाली उतरला. पुढचे दोन दिवस तो शाळेत आला नाही.

तो बोलताना अडखळतो हे त्याच्या वर्गशिक्षकांना माहीत होते. मी त्यांना विचारले नव्हते, कारण परिपाठात तो कधी अडखळलेला मी ऐकला नव्हता. आणि तो तिथे अडखळणारही नव्हता. अडखळणारी माणसे दुसऱ्याबरोबर एका सुरात बोलतात तेव्हा त्यांचे अडखळणे बहुतेक थांबते, ही वाणीदोषांच्या अभ्यासकांना दीर्घकाळ ठाऊक असलेली गोष्ट आहे. त्याउलट अभिवादन आणि स्वतःचे नाव सांगणे या गोष्टी त्यांना विशेष जड जातात, कारण तिथे ठरलेला शब्दच म्हणावा लागतो. इतर बोलण्यात अडणारा शब्द टाळून दुसरा घेता येतो, येथे ती सोय नसते. मी त्या मुलाच्या हातचा आसरा काढून घेतला आणि नेमका सर्वांत कठीण शब्द, सर्वांत कठीण जागी, २३५ मुलांसमोर म्हणायला लावला. ज्येष्ठ बाईंनी सभेत सांगितले होते ते हेच होते. ‘हळू बोल, श्वास घे’ ही सूचनाही मदत नसते. आपण कसे बोलतो याकडेच मुलाचे लक्ष त्यामुळे जास्त जाते.

मी त्याच्या घरी जाऊन त्याची आणि त्याच्या आई-वडिलांची माफी मागितली. वाचा-उपचारतज्ज्ञांकडे जाण्याविषयी बोलणे झाले आणि पालकांनी ते मनावर घेतले. शाळेत काय करायचे ते मात्र आम्ही त्याला विचारून ठरवले. यादीतून नाव काढू का, असे विचारल्यावर तो ‘नको’ म्हणाला. त्याला पायरीवर यायचे होते, पण एकट्याने नाही. म्हणून दोन विद्यार्थ्यांनी मिळून अभिवादन करायचे असे ठरले. एकसुरात बोलण्याचा परिणाम एकच सोबती असला तरी मिळतो. केवळ त्याच्यासाठी वेगळी सोय केल्याचे दिसू नये म्हणून रोज सर्वांसाठीच जोडी ठेवली. शिक्षकांसाठीही तीन गोष्टी पक्क्या केल्या: तो अडला तर नजर न वळवता थांबायचे, त्याचा शब्द आपण पुरा करायचा नाही, आणि त्याने हात जोडले तर ते पूर्ण अभिवादन मानून शब्दांत उत्तर द्यायचे. हात जोडणे हे पूर्ण अभिवादन आहे, हे आम्ही मग सर्वच मुलांना सांगितले. त्याचा फायदा इतर गप्प मुलांनाही झाला, आणि दारातल्या अभिवादनात हात जोडणाऱ्या काही मुलांच्या तोंडी नंतर हळूच शब्दही येऊ लागले.

परिणाम

दहाव्या आठवड्यानंतर त्याच दोन जागी, त्याच वेळी पुन्हा पाच दिवस नोंद घेतली. १५८ भेटींपैकी ६१ वेळा मुलाने आधी अभिवादन केले, ४९ वेळा मोठ्यांनी केले आणि ४८ भेटी अबोल राहिल्या. मुलांच्या ६१ अभिवादनांपैकी ५४ जणांना शब्दांत उत्तर मिळाले. आधीच्या १९ पैकी ७ शी याची तुलना केली, तर मुलांपेक्षा शिक्षकच अधिक बदलले होते, आणि माझ्या मते मुलांमधला बदल मुख्यतः त्यातूनच आला.

हे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. आम्ही दोघी वह्या घेऊन उभ्या असल्याचे सर्व शिक्षकांना माहीत होते आणि तेव्हा प्रत्येक जण अधिक सावध असणारच. म्हणून चौदाव्या आठवड्यात एक दिवस मी एकटीने, कोणाला न सांगता, फाटकापाशी नोंद घेतली. ३४ भेटींपैकी ९ वेळा मुलाने सुरुवात केली होती. दहाव्या आठवड्यापेक्षा हे प्रमाण कमी आहे, पण सुरुवातीपेक्षा बरेच जास्त. मला हाच आकडा अधिक खरा वाटतो, जरी तो एका दिवसाचाच आहे.

पहिलीच्या मुलांमध्ये फरक सर्वांत ठळक दिसला. चौथीत तो जेमतेम होता. तीन वर्षे चालीत म्हणण्याची सवय लागलेल्या मुलांना दहा आठवडे अपुरे पडले असावेत. परिपाठातली चालही पूर्ण गेली नाही. ‘नमस्कार’लाही मुलांनी महिन्याभरात आपली अशी चाल लावली. शंभराहून अधिक मुले एकत्र बोलायची म्हणजे ताल आपोआप येतो, तेव्हा त्याच्याशी झगडणे आम्ही सोडून दिले.

मुलांच्या आपापसातल्या अभिवादनाबद्दल मला खात्रीने काही सांगता येत नाही, कारण सुरुवातीला ते आम्ही मोजलेच नव्हते. परिपाठातल्या दोन मिनिटांत ‘काय रे, ताप उतरला का?’, ‘तुझी वही माझ्याकडे आहे’ अशी खरी वाक्ये ऐकू येत. परंतु ती मुले फाटकापाशी भेटल्यावर एकमेकांना आधीपेक्षा जास्त बोलत होती की नाही, याची नोंद आमच्याकडे नाही.

पुन्हा करायचे झाले तर

पहिली गोष्ट म्हणजे पहिले दोन आठवडे मी मुलांना काहीच शिकवणार नाही. त्या काळात फक्त मोठ्यांनी, म्हणजे शिक्षक, मावशी आणि मुख्याध्यापिका यांनी, प्रत्येक मुलाला आधी नाव घेऊन अभिवादन करायचे आणि मुलाने उत्तर दिले नाही तरी पुढे जायचे. आम्ही शिक्षकांचा बदल आणि मुलांचा सराव एकाच वेळी सुरू केल्यामुळे पहिल्या पंधरवड्यात अभिवादन करणाऱ्या कित्येक मुलांना पुन्हा ‘हं’च मिळाला, आणि ते टाळता आले असते.

दुसरी गोष्ट यादीची. पायरीवर येऊन बोलण्याची पाळी हजेरीपटाने लावण्यात सर्वांना समान संधी दिल्याचे समाधान मला मिळाले होते. आता मी आधी प्रत्येक वर्गशिक्षकाशी बोलेन आणि मुलाला विचारेन: जोडीने की एकट्याने, शब्दांत की हात जोडून, आणि या महिन्यात की पुढच्या. मुलाने ‘पुढच्या’ म्हटले तर कारण विचारणार नाही.

त्या शाळेत पुढच्या जूनपासून परिपाठाची जबाबदारी दुसऱ्या शिक्षकांकडे गेली. जोडीने अभिवादन, एकच रांग सरकवणे आणि दारातले अभिवादन त्यांनी चालू ठेवले. रांगेतल्या दोन मिनिटांऐवजी मात्र सोमवार आणि गुरुवार असे दोनच दिवस ठेवले, कारण रोज केल्याने तेही पाठ झाल्यासारखे होऊ लागले होते. तो मुलगा चौथी संपवून दुसऱ्या शाळेत गेला. निरोपाच्या दिवशी तो माझ्यापाशी आला, हात जोडले, ‘न’वर थोडा अडला आणि मग ‘नमस्कार, बाई’ म्हणाला. मी थांबले होते.